फी ॲप सुरू करण्याआधी: नवी मुंबईतल्या एका शाळेचं गोपनीयता मूल्यांकन

ऐरोली-घणसोली पट्ट्यातली एक खासगी शाळा. ज्युनिअर केजी ते दहावी, दर इयत्तेत तीन तुकड्या, एका इयत्तेत साधारण १५० मुलं, म्हणजे एकूण १,८०० च्या आसपास. फी तिमाही. आजवर ती काउंटरवर रोख किंवा चेकने भरली जायची आणि तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात रांग गेटपर्यंत यायची. ती रांग संपवायची म्हणून संस्थेने एका लहान सॉफ्टवेअर कंपनीचं तयार फी ॲप घ्यायचं ठरवलं. करारावर सही होण्याआधी गोपनीयतेच्या अंगाने तपासणी करून द्या, असं मला सांगण्यात आलं. शाळेचं आणि कंपनीचं नाव इथे देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत.

पहिल्या बैठकीत खजिनदारांचा एकच प्रश्न होता: "पालकांच्या कार्डाचे नंबर चोरीला गेले तर आम्ही अडकणार का?"

या प्रश्नाला वेळ लागला नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क यांच्याखेरीज व्यवहाराच्या साखळीत कुणालाही कार्डाचा नंबर साठवता येत नाही. त्याजागी टोकन, म्हणजे बदली क्रमांक, असतं. पैसे भरण्याचं पान शाळेचं नसतं, ॲप कंपनीचंही नसतं, ते पेमेंट ॲग्रीगेटरचं, म्हणजे पालकांचे पैसे शाळेपर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपनीचं, असतं. आपण घेतलेल्या ॲग्रीगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का आणि कार्डाची माहिती आपल्या सर्व्हरला कुठेही शिवत नाही ना, एवढं तपासलं की खजिनदारांची काळजी बऱ्यापैकी मिटते. दोन्ही तपासलं, दोन्ही ठीक होतं.

खरी काळजी पैशांच्या व्यवहाराच्या अलीकडे होती, फीच्या खतावणीत. कुणी भरली, कुणाची थकली, कुणाला कमी लागते आणि का कमी लागते. ही माहिती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. चोराला तिचा फारसा उपयोग नाही, पण शेजारी, नातेवाईक आणि वर्गातली मुलं यांना ती कळली तर घराची अब्रू जाते.

दुसरा प्रश्नही खजिनदारांचाच. कायद्याने हे मूल्यांकन सक्तीचं आहे का? नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात असं मूल्यांकन फक्त सरकारने 'महत्त्वाच्या' ठरवलेल्या संस्थांना बंधनकारक आहे, आणि ही शाळा त्यात मोडत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि शाळेसारख्या संस्थेवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. पण त्या लागू झाल्या की दोन गोष्टी टळत नाहीत. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाचा डेटा वापरायला पालकाची पडताळता येण्याजोगी संमती लागते. आणि ॲप कंपनीशी करारात काहीही लिहिलेलं असलं तरी कायद्यापुढे जबाबदार शाळाच असते. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा ऐकल्यावर खजिनदारांनी चहा मागवला आणि आम्ही कामाला लागलो.

एका पावतीचा प्रवास

अशा कामात बरेच जण सर्व्हरच्या आकृतीपासून सुरुवात करतात. मी एका मुलाची एक तिमाही फी घेतो आणि ती कोणाकोणाच्या हातून जाते ते क्रमाने लिहितो. शाळेच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून एक्सेल निघतं, ते ॲपमध्ये चढतं, पालकाला एसएमएस जातो, पालक लॉगिन करतो, पेमेंटच्या पानावर जातो, बँकेच्या स्टेटमेंटला नोंद होते, पावती तयार होते, पालक ती पुढे कुणाला तरी पाठवतो. इकडे वर्गशिक्षिकेच्या स्क्रीनवर त्या मुलाच्या नावापुढे रंग बदलतो. या प्रत्येक टप्प्यावर विचारायचं ते इतकंच: इथे कोण काय पाहतं, आणि त्यातून कुणाला काय त्रास होऊ शकतो?

पहिल्याच टप्प्यावर अडलो. कंपनीच्या एक्सेल नमुन्यात चाळीसेक रकाने होते आणि शाळेच्या संगणक ऑपरेटरने ते सगळे इमानदारीने भरले होते. जात, धर्म, आधार क्रमांक, रक्तगट, पालकांचं वार्षिक उत्पन्न, आईचं शिक्षण. कंपनीच्या प्रतिनिधीचं म्हणणं, "सर, रकाने ऐच्छिकच आहेत, रिकामे ठेवले तरी चालतं." पण भरायला जागा दिसली की कार्यालयात ती भरली जातेच.

फी घ्यायला काय लागतं ते काउंटरवरच्या मॅडमना विचारलं. त्यांनी बोटांवर मोजलं: जीआर नंबर, नाव, इयत्ता-तुकडी, कुठला फी-आराखडा, किती भरायची, कधीपर्यंत, आणि पालकाचा मोबाइल. सात रकाने. बाकीचे नमुन्यातूनच काढून टाकायला लावले, म्हणजे पुढच्या वर्षी नवा ऑपरेटर आला तरी ते परत भरले जाणार नाहीत. आधारचा तर प्रश्नच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर फीसाठी शाळेने तो मागण्याला आधार उरलेला नाही.

लॉगिन: जीआर नंबर आणि जन्मतारीख

ॲपमध्ये शिरण्यासाठी मुलाचा जीआर नंबर आणि जन्मतारीख पुरत होती. पासवर्ड विसरण्याची भानगड नको, आजी-आजोबांनाही जमावं, हा हेतू चांगला होता. जन्मतारीख पाच वेळा चुकली की तो जीआर नंबर २४ तासांसाठी बंद होत असे, आणि या कुलपावर कंपनीचा भरवसा होता.

जनरल रजिस्टरचे नंबर प्रवेशाच्या क्रमाने पडतात. ज्युनिअर केजीला एकाच वर्षी आलेल्या १५० मुलांचे नंबर जवळजवळ सलग असतात, आणि त्यांच्या जन्मतारखाही तेरा महिन्यांच्या आत, म्हणजे फार तर चारेकशे तारखांमध्ये, येतात. आता एकाच मुलाची तारीख शोधत बसण्याऐवजी कुणी १५० नंबरांवर प्रत्येकी पाच तारखा टाकून पाहिल्या तर ७५० प्रयत्न होतात आणि प्रत्येकाला यशाची शक्यता चारशेत एक. म्हणजे एका इयत्तेत सरासरी दोन खाती उघडतात आणि बारा इयत्तांत वीस-बावीस. कुठल्याही एका नंबरवर पाचच्या वर प्रयत्न होत नाहीत, त्यामुळे कुलूप हा हल्ला थोपवत नाही, बाकीची खाती तेवढी दिवसभर बंद होतात. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडतं आणि हाच खेळ उरलेल्या तारखांवर पुन्हा करता येतो. ओळखीच्या मुलाच्या बाबतीत तर एवढाही खटाटोप नको. वाढदिवसाला सोसायटीतल्या निम्म्या मुलांनी केक खाल्लेला असतो आणि जीआर नंबर ओळखपत्रावर छापलेला असतो.

चाचणीच्या सर्व्हरवर बनावट नावांनी हा प्रयोग करून दाखवला. त्यानंतर वाद झाला नाही.

उपाय म्हणून कंपनीने लगेच ओटीपी सुचवला. तो योग्यच आहे, पण ओटीपी जातो शाळेच्या दप्तरातल्या नंबरवर, आणि तो नंबर प्रवेशाच्या वेळचा असतो. सातवीतल्या मुलाचा नंबर आठ वर्षांपूर्वी लिहिलेला. बंद पडलेला मोबाइल नंबर काही काळाने दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. म्हणजे जुन्या नंबरवर पाठवलेला ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाला थेट मुलाच्या खात्यात नेतो.

म्हणून आधी नंबर पक्के करायचे ठरले. ओपन हाउसच्या दिवशी, जेव्हा पालक स्वतः वर्गात येतात, तेव्हा वर्गशिक्षिकेने प्रत्येकाला बंद पाकिटात एकदाच वापरता येणारा आठ अक्षरांचा कोड द्यायचा आणि वहीत सही घ्यायची. पहिल्या लॉगिनला तो कोड आणि पालकाचा सध्याचा मोबाइल, त्यानंतर ओटीपी. यात एक जादा फायदा होता. नियमांनुसार समोरची व्यक्ती पालकच आहे आणि सज्ञान आहे हे पडताळण्यासाठी संस्थेकडे आधीपासून असलेली खात्रीची ओळख चालते. वर्गात समोर उभ्या असलेल्या पालकाला शिक्षिका ओळखतात, दप्तरात त्यांची कागदपत्रं आहेत. त्यामुळे संमतीसाठी वेगळं ओळखपत्र अपलोड करून घ्यायची गरज पडली नाही. संमतीची सूचना मराठी आणि इंग्रजीत, एका पानाची. आणि ॲप नको असेल त्याच्यासाठी काउंटर चालू राहणार, हे तिच्यात पहिल्या परिच्छेदात लिहिलं. दुसरा मार्गच नसेल तर ती संमती मोकळेपणाने दिली असं म्हणता येत नाही.

सवलतीचं कारण कुठेकुठे छापलं जातं

या प्रकरणात मला सर्वात जास्त वेळ इथे लागला, आणि लागायलाच हवा होता.

शाळेत शिक्षण हक्क कायद्याखाली २५ टक्के राखीव जागांवर आलेली मुलं आहेत. शिवाय भावंडांची सवलत, कर्मचाऱ्यांच्या मुलांची सवलत, वडील वारलेल्या मुलांना संस्थेने दिलेली माफी. ॲपमध्ये प्रत्येक सवलतीला एक संकेत होता आणि तो फी-आराखड्याच्या नावातच बसवलेला होता. त्यामुळे आराखड्याचं नाव जिथे जिथे उमटेल तिथे कारणही उमटणार. पावतीवर उमटत होतं. वर्गशिक्षिकेच्या यादीत उमटत होतं. आणि जिथे कुणी पाहिलंच नव्हतं तिथेही, यूपीआयच्या दुव्यात:

```
upi://pay?pa=school@bank&pn=School&am=8450&cu=INR&tr=GR4127-6B-Q2&tn=6B-Q2-SIBCON
```

`tn` म्हणजे व्यवहारासोबतचा शेरा. तो पालकाच्या यूपीआय ॲपच्या इतिहासात दिसतो आणि बँकेच्या स्टेटमेंटलाही उतरू शकतो. भावंड सवलतीचं एक वेळ ठीक. पण तिथे आरटीई किंवा वडील नसल्याचा संकेत आला, आणि ते स्टेटमेंट गृहकर्जासाठी किंवा व्हिसासाठी कुणापुढे ठेवलं, तर घरची कहाणी फुकटात सांगितली जाते. `tr` मध्ये जीआर नंबर आणि तुकडी होती, तीही नको होती.

पावतीचा प्रवास आणखी लांबचा. नोकरदार पालक मुलाच्या फीची पावती कार्यालयात देतात, कुणी जुन्या करपद्धतीतल्या वजावटीसाठी, कुणी शैक्षणिक भत्त्यासाठी. म्हणजे शाळेने एका मुलाला कोणत्या कारणाने माफी दिली ते त्याच्या आईच्या एचआर विभागातल्या फाइलला लागतं. त्या फाइलवर शाळेचा काहीच ताबा नाही.

बदल असा केला. आराखड्याला अर्थहीन क्रमांक. सवलतीचं कारण वेगळ्या तक्त्यात, तो फक्त हिशेब विभागातल्या दोघांना आणि मुख्याध्यापिकांना दिसेल, आणि कुणी कधी उघडला याची नोंद राहील. पावतीवर शिकवणी शुल्क, इतर शुल्क आणि भरलेली रक्कम. "सवलत" हा शब्द नाही. यूपीआयचा दुवा असा:

```
upi://pay?pa=school@bank&pn=School&am=8450&cu=INR&tr=F7K29XQ4&tn=School%20fee
```

`F7K29XQ4` हा निव्वळ योगायोगाने पाडलेला संदर्भ. कुठल्या मुलाचा, ते फक्त शाळेच्या बाजूला कळतं.

इथे ऑडिटरांनी एक रास्त शंका काढली. पावतीवर सवलत दाखवली नाही तर पूर्ण फी आणि जमा रक्कम यांचा मेळ कसा लागणार? उत्तर सोपं होतं: मेळ खतावणीत लागतो, पालकाच्या हातातल्या कागदावर तो लावायची गरज नाही. त्यांनी खतावणीचा वेगळा अहवाल मागितला आणि विषय संपला.

एक गोष्ट मात्र लपत नाही. सहावीची तिमाही फी १३,००० आहे हे सगळ्या पालकांना माहीत असतं, महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्यामुळे ती पालक-शिक्षक संघापुढे येतेच. मग ८,४५० ची पावती पाहणाऱ्याला सवलत आहे हे कळणारच. का आहे, ते आता कळणार नाही. हा उरलेला धोका म्हणून तसाच नोंदवला.

थकबाकीची लाल यादी

वर्गशिक्षिकेच्या मोबाइलवर तुकडीची यादी येत होती. भरलेल्यांची नावं हिरवी, थकलेल्यांची लाल, पुढे रक्कम. कंपनीच्या सादरीकरणात ही सर्वात कौतुकाची स्क्रीन होती. या स्क्रीनचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायला कुणाची दुष्टबुद्धी लागत नाही. "कृपया खालील पालकांनी लक्ष द्यावे" अशा सद्हेतूने तो येतो, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलाला त्यावरून ऐकावं लागतं.

मी ती स्क्रीन शिक्षिकांकडून पूर्ण काढा म्हटलं. मुख्याध्यापिका मॅडमनी हरकत घेतली आणि त्यांचा मुद्दा हलका नव्हता. "कुणाच्या वडिलांची नोकरी गेली, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे वर्गशिक्षिकेलाच ठाऊक असतं. काउंटरवरून नुसता वसुलीचा फोन गेला तर तो पालक उद्या मुलाला शाळेतच पाठवणार नाही."

शेवटी मधला मार्ग निघाला. यादी आणि रक्कम फक्त हिशेब विभागाकडे. दोन स्मरणपत्रांनंतरही फी आली नाही तर मुख्याध्यापिका त्या एका मुलाबद्दल वर्गशिक्षिकेशी बोलणार, आणि पालकांना फोन कुणी करायचा ते दोघी ठरवणार. यात मुख्याध्यापिकांचं काम वाढतं. त्यांनी ते आपणहून घेतलं.

स्मरणपत्रांचं पाहताना आणखी दोन गोष्टी वर आल्या. ॲपची सूचना फोनच्या लॉक स्क्रीनवर मुलाचं नाव आणि रक्कम दाखवत होती, आणि बऱ्याच घरांत तो फोन संध्याकाळी मुलाच्याच हातात असतो. सूचनेच्या मजकुरातूनच नाव आणि रक्कम काढून लॉक स्क्रीनवर "शाळेकडून संदेश आहे" एवढंच ठेवलं. एसएमएसच्या मजकुरातूनही नाव काढलं. एसएमएसचे नमुने डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी प्रणालीवर आधी मंजूर करून घ्यावे लागतात. मजकूर बदलला की मंजुरी पुन्हा. म्हणून हा बदल शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

दुसरी गोष्ट चुकीच्या थकबाकीची. यूपीआयने पैसे खात्यातून कापले जातात पण शाळेला पोचल्याची खूण येत नाही, असं अधूनमधून होतं. दुकानदार किंवा संस्थेला केलेल्या अशा व्यवहारात पैसे परत यायला रिझर्व्ह बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांपर्यंत मुदत दिली आहे. त्या पाच दिवसांत ॲप पालकाला थकबाकीदार म्हणत राहतं. वर, "फी बाकी असल्यास निकाल लपवा" असं एक बटण ॲपमध्ये होतं. ते कायमचं काढून टाकायला लावलं. आणि ज्याचा व्यवहार लटकलेला आहे त्याला तो सुटेपर्यंत एकही स्मरणपत्र जाणार नाही, अशी अट घातली. ज्या माहितीवरून एखाद्याबद्दल निर्णय घ्यायचा ती बिनचूक असावी याची जबाबदारी कायद्यानेही शाळेवर टाकली आहे.

दोन घरांत वाटलेलं मूल

हा धोका माझ्या यादीत काउंटरवरच्या मॅडममुळे आला. आम्ही पावतीचे रकाने वाचत होतो आणि त्या मध्येच म्हणाल्या, "बसची ओळ बघा. स्टॉपचं नाव आहे."

पावतीत बस शुल्काच्या ओळीत थांब्याचं नाव छापलं जात होतं. शाळेत अशी काही मुलं आहेत ज्यांचे आईवडील वेगळे राहतात. फी वडील भरतात, मूल आईकडे असतं, आणि एखाद्या आईने आपला पत्ता मुद्दाम कळू दिलेला नसतो. ॲपमध्ये 'कुटुंब' नावाचं एकच खातं होतं. दोन्ही पालकांना तीच स्क्रीन, तिच्यात राहता पत्ता, दोघांचे मोबाइल आणि बसचा थांबा. म्हणजे फी भरणाऱ्याला पावतीबरोबर सकाळी पावणेसातला मूल कुठे उभं असतं तेही कळलं असतं.

शक्यता आणि गंभीरता यांचा गुणाकार करून धोक्यांना क्रम लावायची पद्धत आहे. ती मी इथे वापरली नाही. या प्रसंगाची शक्यता कमी, गंभीरता सर्वाधिक, आणि गुणाकारात तो मधे कुठेतरी हरवला असता. माझ्या मते ज्याचा परिणाम मुलाच्या अंगावर येऊ शकतो ते आधी सोडवायचं, आकडा काहीही येवो.

कंपनीने 'विभक्त पालक' अशी एक खूण टाकायची तयारी दाखवली. ती नको म्हटलं. ती खूण स्वतःच नाजूक माहिती आहे, ती लावायला आईला काउंटरवर येऊन सगळं सांगावं लागेल, आणि न सांगणारीचं काय? त्याऐवजी सर्वांसाठीच बदल केला. प्रत्येक पालकाचं खातं वेगळं. एकाला दुसऱ्याचा मोबाइल दिसत नाही. पत्ता फी ॲपमध्ये नाहीच. बस शुल्क ठरतं अंतराच्या टप्प्यावर, म्हणून पावतीवर टप्प्याचाही उल्लेख नाही, फक्त "वाहतूक". शिवाय 'फक्त फी भरणारा' अशी एक भूमिका: काका, आजोबा, कुणाचे मालक, यांना दुवा मिळतो, रक्कम दिसते, पावती मिळते, बाकी काही नाही. ताबा कुणाचा हे ठरवायची वेळच फी ॲपवर येत नाही. दाखल्यासारख्या बाबींत तो वाद आलाच तर न्यायालयाचा आदेश पाहून मुख्याध्यापिका ठरवतील, जसं आजवर होत आलं आहे.

वाहतुकीच्या रकमेवरून ढोबळ अंतर अजूनही काढता येतं. शाळेने सर्व टप्प्यांना एकच दर लावला तर तेही जाईल, पण मग जवळच्या पालकांवर बोजा पडतो. संस्थेने दर तसेच ठेवले. हा निर्णय कारणासह लिहून ठेवला आहे.

बाकीचं थोडक्यात

ॲपच्या परवानग्या एका आज्ञेत दिसतात:

```
aapt dump permissions app.apk
```

यादीत `READ_SMS`, `READ_CONTACTS` आणि `com.google.android.gms.permission.AD_ID` होत्या. कंपनीच्या डेव्हलपरला शेवटच्या दोन कुठून आल्या तेच माहीत नव्हतं. बाहेरची तयार लायब्ररी जोडली की तिच्या परवानग्याही गुपचूप सोबत येतात. जाहिरात क्रमांक विश्लेषणाच्या लायब्ररीतून आला होता, आणि संपर्कयादीची परवानगी 'फी हप्त्यांनी भरा' देणाऱ्या कर्ज कंपनीच्या लायब्ररीतून. डिजिटल कर्जासाठी फोनमधली संपर्कयादी वाचायला रिझर्व्ह बँकेनेच मनाई केलेली आहे. दोन्ही लायब्ररी काढल्या. ओटीपी आपोआप भरण्यासाठी सगळे एसएमएस वाचायची गरज नसते, अँड्रॉइडमध्ये त्याची वेगळी सोय आहे, ती वापरली. हप्त्यांचा पर्याय आता नुसता दुवा आहे. पालक स्वतः गेला तर जाईल, शाळेकडून त्याच्याआधी कुठलीही माहिती जाणार नाही. थकलेल्या पालकांची यादी कर्ज कंपनीला देण्याची एक ओळ कराराच्या मसुद्यात, परिशिष्टात, दडलेली होती. ती मिळाली तेव्हा खजिनदारही गप्प झाले.

करारात आणखी तीन कलमं घातली. दाखला घेऊन मूल शाळा सोडून गेलं की ॲपमधलं खातं ९० दिवसांत पुसायचं, हिशेबाची खतावणी मात्र शाळेकडे ऑडिटसाठी राहील. कायद्याला लागणाऱ्या नोंदी आणि लॉग किमान वर्षभर जपायचे. डेटा फुटल्याचं कळताच कंपनीने चार तासांत शाळेला कळवायचं. चार तास अशासाठी की सायबर घटना सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवावी लागते, आणि डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत. कंपनीने चोवीस तास मागितले होते.

सुरुवात फक्त पाचवी आणि आठवीपासून करायची ठरली, एका तिमाहीसाठी. उरलेल्या इयत्ता कधी घ्यायच्या ते तीन गोष्टींवर अवलंबून ठेवलं: पाकिटातला कोड न वापरलेल्या पालकांचं प्रमाण, लटकलेल्या व्यवहारांत चुकून गेलेली स्मरणपत्रं, आणि सवलतीचा तक्ता उघडल्याच्या नोंदी. तिसरीवर मुख्याध्यापिकांनी दर महिन्याला सही करायची. ॲपमध्ये बसचं जीपीएस, कँटीन किंवा हजेरी जोडायची झाली तर हे मूल्यांकन पुन्हा उघडायचं.

धोक्यांच्या तक्त्यात एक ओळ मात्र लाल राहिली आणि तिचा ॲपशी संबंध नव्हता. थकबाकीची एक्सेल, नाव, रक्कम आणि सवलतीच्या कारणासकट, दर महिन्याला विश्वस्तांना ई-मेलने जाते. त्यातले दोघे ती घरच्या प्रिंटरवर छापतात. त्याऐवजी इयत्तावार एकूण आकडे पाठवावेत असं मी लिहिलं. विश्वस्तांनी ते पुढच्या सभेवर ठेवलं आहे. त्या ओळीपुढे जबाबदार म्हणून सचिवांचं पद आणि ३१ ऑगस्ट ही तारीख आहे.